एकमेकांना छेदणाऱ्या दोन कर्व्हमधलं क्षेत्रफळ: इंटरव्हल नेमका कुठे तोडायचा

इंदूरला बारावीच्या आणि जेईईच्या मुलांच्या वह्या तपासताना एक गोष्ट सारखी दिसते. इंटिग्रेशन बरोबर असतं, बेरीज-वजाबाकी बरोबर असते, तरी क्षेत्रफळ चुकलेलं असतं. चूक इंटिग्रल लिहिण्याच्या आधीच झालेली असते. दोन कर्व्ह मधे कुठेतरी एकमेकांना कापून जातात, वरचा खाली जातो आणि खालचा वर येतो, आणि आपल्या पोरांनी मात्र पहिल्या लिमिटपासून शेवटच्या लिमिटपर्यंत एकच 'वरचा वजा खालचा' ठोकून दिलेला असतो.

एकच गणित घेतो आणि तेच शेवटपर्यंत चालवतो, कारण बहुतेक सगळे खड्डे या एकातच आहेत:

f(x) = x³ − 2x² आणि g(x) = 3x या दोन कर्व्हनी बंदिस्त केलेलं क्षेत्रफळ काढा.

## आधी हे डोक्यात पक्कं करा

f − g चं इंटिग्रल म्हणजे क्षेत्रफळ नाही, ती नुसती हिशोबाची शिल्लक आहे. जिथे f वर आहे तिथलं क्षेत्रफळ त्यात प्लसमधे येतं आणि जिथे g वर आहे तिथलं मायनसमधे, आणि दोघं एकमेकांना खातात. राजवाड्यावरून छप्पन दुकानला गेलात आणि परत राजवाड्यावर आलात तर तुम्ही होतात तिथेच आहात, पण गाडीच्या मीटरवर किलोमीटर चढलेच ना, तसंच हे आहे. आपल्याला मीटरचा आकडा हवाय. म्हणून जिथे जिथे गाडी वळते, म्हणजे f − g चं चिन्ह बदलतं, तिथे इंटरव्हल तोडायचा आणि प्रत्येक तुकडा वेगळा मोजायचा.

आणि x-अक्षाचा या सगळ्याशी काहीही संबंध नाही. हे मुद्दाम आत्ताच सांगतोय, कारण एका कर्व्हखालचं क्षेत्रफळ काढताना 'अक्षाच्या खाली गेलं की मायनस' हे इतकं घोटून घेतलेलं असतं की मुलं इथेही अक्षावरच तोडायला जातात. त्याच्याकडे टप्पा ३ मधे परत येऊ.

## टप्पा १: प्रश्नाची भाषा वाचा, लिमिट कोण देतंय ते ठरवा

प्रश्न दोन प्रकारचे असतात. एकात 'या कर्व्हनी बंदिस्त केलेलं' एवढंच म्हटलेलं असतं, तिथे लिमिट छेदनबिंदूच देतात, सगळ्यात डावीकडचा आणि सगळ्यात उजवीकडचा. दुसऱ्यात 'x = 1 आणि x = 4 या रेषांच्या मधलं' असं काहीतरी जोडलेलं असतं, तिथे लिमिट प्रश्नानेच दिलेली असते आणि छेदनबिंदूंचं काम फक्त मधे तोडण्यापुरतं उरतं.

हे दोन मिसळले की सगळं गणित जातं. रेषा दिलेल्या असताना पोरं सवयीने छेदनबिंदूपासून छेदनबिंदूपर्यंत जातात आणि x = 4 कडे बघतही नाहीत. आपल्या गणितात रेषा नाहीत, म्हणजे आपला पहिला प्रकार. दुसरा प्रकार याच कर्व्हवर पुढे करू.

## टप्पा २: f − g = 0 सोडवा, काहीही न उडवता

सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. f = g लिहिल्यावर हे येतं:

x³ − 2x² = 3x

आता हात शिवशिवतात. दोन्हीकडे x आहे, उडवून टाका! मग x² − 2x − 3 = 0 राहतं, त्याचे फॅक्टर (x − 3)(x + 1), उत्तर x = −1 आणि x = 3, सगळं एकदम सुंदर दिसतं आणि पोरगा खुश. पण x उडवताना x = 0 हे मूळही उडालं, आणि तोच नेमका मधला छेदनबिंदू होता जिथे दोन्ही कर्व्ह आपली जागा बदलतात. ज्याने तोडायचं होतं तोच गेला.

म्हणून इथे भागाकार करायचाच नाही. सगळं एका बाजूला आणायचं आणि फॅक्टर पाडायचे:

d(x) = f(x) − g(x) = x³ − 2x² − 3x = x(x − 3)(x + 1)

मुळं: −1, 0, 3.

हे d(x) वहीत एका चौकटीत लिहून ठेवा, इथून पुढे सगळं त्याच्यावरच चालणार आहे. f आणि g आता जवळजवळ विसरलात तरी चालेल.

तपासणी: प्रत्येक मूळ दोन्ही मूळ समीकरणांत टाकून बघा. x = 3 ला f = 27 − 18 = 9 आणि g = 9, जमलं. x = −1 ला f = −1 − 2 = −3 आणि g = −3, हेही जमलं. x = 0 ला दोन्ही शून्य. पण ही तपासणी फक्त चुकीचं मूळ पकडते, हरवलेलं पकडत नाही. हरवलेल्यासाठी मुळं मोजा: d ची डिग्री तीन आहे आणि हातात दोनच मुळं आहेत, तर थांबा. एक तर एखादं मूळ हरवलंय किंवा एखादं मूळ दुहेरी आहे, पण नेमकं काय झालंय ते कळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

ट्रिगमधे हाच घोळ जास्त लपून बसतो कारण तिथे डिग्री मोजता येत नाही. y = sin 2x आणि y = cos x, 0 ते π. sin 2x चे 2 sin x cos x केले, दोन्हीकडचा cos x उडवला, sin x = 1/2 आलं, म्हणजे π/6 आणि 5π/6. आणि cos x = 0 वाला π/2 गेला. आता π/6 ते 5π/6 हा जो मधला मोठा तुकडा राहिला त्याचं इंटिग्रल बरोब्बर शून्य येतं, म्हणजे बाजूचे दोन तुकडे 1/4 + 1/4 मिळून उत्तर 1/2. π/2 ला तोडलं की मधल्या तुकड्याचे दोन होतात, दोन्ही 1/4 चे, आणि खरं उत्तर 1 येतं. अर्धं क्षेत्रफळ एका भागाकारात गेलं.

## टप्पा ३: चिन्हांचा तक्ता करा

मुळं चढत्या क्रमाने नंबर लाइनवर मांडा आणि प्रत्येक दोन मुळांच्या मधला एक सोपा आकडा d मधे टाका. किंमत किती येते याच्याशी मतलब नाही, प्लस की मायनस एवढंच हवंय.

- −1 ते 0: x = −1/2 घेऊ. d = −1/8 − 1/2 + 3/2 = 7/8. प्लस, म्हणजे f वर.
- 0 ते 3: x = 1 घेऊ. d = 1 − 2 − 3 = −4. मायनस, म्हणजे g वर.

झाला तक्ता. यात दोन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं म्हणजे x-अक्ष. f = x²(x − 2) आहे, म्हणजे तो x = 2 ला अक्ष ओलांडतो आणि हा 2 आपल्या 0 ते 3 च्या मधोमध पडतो. आकृती काढली की डोळा तिथेच जातो, मग पोरं 2 ला तोडतात, '0 ते 2 मधे f खाली आहे म्हणून मायनस' असं काहीतरी करून चिन्ह फिरवतात आणि अडकतात. x = 2 ला f शून्य आहे पण g 6 आहे, दोन्ही कर्व्ह एकमेकांपासून सहा एकक लांब आहेत, तिथे कोणी कोणाला छेदत नाहीये. आपण उभी पट्टी मोजतोय ती एका कर्व्हपासून दुसऱ्या कर्व्हपर्यंतची, आणि तिची लांबी वरचा वजा खालचा एवढीच असते, मग अक्ष मधून जावो, वरून जावो की खालून. दोन्ही कर्व्ह अक्षाच्या खाली असले तरी हेच. −1 ते 0 मधे तसंच आहे की, f आणि g दोन्ही मायनसमधे आहेत आणि तरी f − g प्लस आहे.

दुसरं म्हणजे 'चिन्ह आळीपाळीने बदलतं' हा समज. पहिल्या तुकड्यात प्लस आलं, मग पुढे मायनस, प्लस, मायनस असं न तपासता लिहून टाकायचं. आपल्या गणितात ते चाललं असतं. पण y = x³ आणि y = 2x² − x घ्या, 0 ते 2. इथे d = x³ − 2x² + x = x(x − 1)². x = 1 ला दोघं भेटतात पण नुसते टेकून परत फिरतात, छेदत नाहीत, कारण वर्ग कधी मायनस होत नाही. 0 ते 1 चं क्षेत्रफळ 1/12, 1 ते 2 चं 7/12, दोन्ही तुकड्यांत x³ च वर, बेरीज 2/3. आळीपाळीने चिन्ह लावणाऱ्याकडे 1/12 − 7/12 म्हणजे −1/2 येतं. 1 ला तोडलं हे काही चुकलं नाही, जास्त ठिकाणी तोडल्याने क्षेत्रफळ कधीच बिघडत नाही. बिघडतं ते न तपासता चिन्ह लावल्याने.

सावधान: टेस्टसाठी घेतलेला आकडा मुळांच्या आतलाच हवा, मुळावरचा नाही आणि बाहेरचाही नाही. ओळखीचा वाटतो म्हणून 0 टाकला आणि 0 च मूळ निघालं, असं बरेचदा होतं.

## टप्पा ४: अँटिडेरिव्हेटिव्ह एकदाच काढा

प्रत्येक तुकड्यासाठी 'वरचा वजा खालचा' नव्याने मांडून नव्याने इंटिग्रेट करू नका. बरोबरच आहे ते, पण जितक्या वेळा लिहाल तितक्या वेळा चिन्ह घसरायची संधी. d चा अँटिडेरिव्हेटिव्ह एकदा काढायचा आणि सगळ्या मुळांवर त्याच्या किंमती काढून ठेवायच्या.

D(x) = x⁴/4 − 2x³/3 − 3x²/2

- D(−1) = 1/4 + 2/3 − 3/2 = −7/12
- D(0) = 0
- D(3) = 81/4 − 18 − 27/2 = −45/4

D(−1) मधल्या +2/3 कडे नीट बघा. (−1) चा घन −1, त्याच्या आधी मायनस, म्हणून प्लस. इथे −2/3 लिहिलेलं खूप वह्यांत सापडतं.

## टप्पा ५: तुकडे मोजा, चिन्ह तक्त्याशी जुळवा, मग मॉड

−1 ते 0: D(0) − D(−1) = 0 − (−7/12) = 7/12. तक्त्यात प्लस होतं, इथेही प्लस.

0 ते 3: D(3) − D(0) = −45/4. तक्त्यात मायनस, इथेही मायनस.

हे जुळवणं सोडू नका. मॉड आधीच लावून टाकला तर चिन्हाची चूक त्याच्याखाली झाकली जाते आणि परत कधी दिसत नाही. समजा 0 − (−7/12) करताना एक मायनस खाल्ला आणि −7/12 आलं, तर तक्ता लगेच सांगतो की इथे प्लस यायला हवं होतं, मागे जा.

जुळलं की प्रत्येक तुकड्याचा मॉड घ्या आणि बेरीज करा:

7/12 + 45/4 = 7/12 + 135/12 = 142/12 = 71/6, म्हणजे साधारण 11.83.

सावधान: मॉड प्रत्येक तुकड्याला वेगळा लावायचा. आधी बेरीज करून शेवटी एकदाच मॉड लावला तर 7/12 − 135/12 = −128/12, मॉड 32/3. हाच 32/3 टप्पा २ मधे x उडवणाऱ्यालाही मिळतो, कारण तोसुद्धा −1 पासून 3 पर्यंत एका दमात गेला. उत्तर मायनस आलं तर 'भिया, क्षेत्रफळ मायनस थोडी असतं' म्हणून मायनस पुसून टाकतात आणि पुढच्या गणिताला लागतात. मायनस आलं ही तर फुकट मिळालेली खूण होती! तरी त्या खुणेवर विसंबू नका, कारण प्लस तुकडा मोठा असता तर न तोडताही उत्तर प्लसमधेच आलं असतं आणि कोणाला संशयही आला नसता.

खऱ्या आणि चुकीच्या उत्तरातला फरक बघा, 71/6 − 64/6 = 7/6. म्हणजे लहान तुकड्याच्या, 7/12 च्या, बरोब्बर दुप्पट. असं नेहमीच होतं: उलट चिन्हांचे दोन तुकडे असतील आणि तोडलं नाही तर लहान तुकडा एकदा मोजायचा राहतो आणि वर मोठ्यातून वजाही होतो. उत्तराच्या पानाशी तुमचं उत्तर जुळत नसेल तर फरकाचं अर्ध करून बघा, एखाद्या तुकड्याएवढं निघालं तर गडबड तोडण्यात आहे, इंटिग्रेशनमधे शोधत बसू नका.

## टप्पा ६: अंदाजाने पडताळा

याला अर्धा मिनिट पुरतो. प्रत्येक तुकड्यात d जास्तीत जास्त किती होतो ते डोळ्याने बघा आणि रुंदीने गुणा, तो झाला बाहेरचा चौकोन. दोन मुळांच्या मधे एकच साधी कमान असेल तर क्षेत्रफळ साधारण त्या चौकोनाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास येतं. पॅराबोलाला ते नेमकं दोन तृतीयांश असतं, बाकीच्यांना अंदाजे.

0 ते 3 मधे x = 2 ला फरक 6 आहे आणि कमान तिथेच कुठेतरी सगळ्यात उंच आहे. चौकोन 18, दोन तृतीयांश 12, आपलं उत्तर 11.25. ठीक. −1 ते 0 मधे मधला फरक 7/8, रुंदी 1, दोन तृतीयांश 7/12. आपलं उत्तरही 7/12. इथे अगदी तंतोतंत जुळलं कारण d तीन डिग्रीचा आहे आणि फरक आपण बरोब्बर मधोमध घेतला, तेवढी अपेक्षा दर वेळी ठेवू नका. 11.25 च्या जागी 22 किंवा 4 आलं असतं तर मात्र मागे फिरायचं.

## दिलेल्या लिमिटवालं: x = 1 ते x = 4

कर्व्ह तेच, d तेच, D तेच. मुळं −1, 0, 3 पण तेच. यातलं 1 आणि 4 च्या आत फक्त 3 पडतं, बाकीची दोन सोडून द्यायची. म्हणजे तुकडे दोन, 1 ते 3 आणि 3 ते 4.

टेस्ट: x = 2 ला d = 8 − 8 − 6 = −6, मायनस. x = 3.5 ला फॅक्टरमधे बघा, 3.5, 0.5 आणि 4.5, तिन्ही प्लस म्हणून गुणाकारही प्लस. आकडा काढायचीही गरज नाही.

D(1) = 1/4 − 2/3 − 3/2 = −23/12, D(3) = −135/12, D(4) = 64 − 128/3 − 24 = −32/12.

1 ते 3: −135/12 + 23/12 = −112/12, तक्त्याशी जुळतं. 3 ते 4: −32/12 + 135/12 = 103/12, हेही जुळतं. क्षेत्रफळ 112/12 + 103/12 = 215/12.

1 आणि 4 ही मुळं नाहीत, तिथे कर्व्ह भेटत नाहीत, आकृतीत दोन्ही टोकांना उभ्या रेषा येतात. काही जणांना ते 'बंद नसलेलं' वाटतं आणि ते 1 च्या ऐवजी 0 पासून सुरू करतात. बंद रेषांनीच होतं, म्हणून तर त्या दिल्यात.

## मूळ सरळ निघत नसेल तर

y = cos x आणि y = x, 0 ते 1. cos x = x चे फॅक्टर कुठून पडणार. पण x = 0 ला फरक cos 0 − 0 = 1, प्लस, आणि x = 1 ला 0.5403 − 1, मायनस, म्हणजे मधे नक्की छेदतात. फरक सतत कमीच होत जातो म्हणून एकदाच छेदतात. कॅल्क्युलेटर रेडियनमधे ठेवा (डिग्रीत राहिला तर इथे सगळंच भलतं येईल) आणि मधले आकडे टाकत जा, प्लस-मायनस जिथे बदलतं तो भाग अरुंद करत गेलं की मूळ 0.7391 च्या आसपास मिळतं.

पहिला तुकडा sin a − a²/2, a = 0.7391 ला 0.4005. दुसरा 0.0590. एकूण 0.4595. न तोडता 0.3415 आलं असतं.

आता गंमत बघा, a = 0.74 असं ढोबळ घेतलं तरी चार दशांशांपर्यंत उत्तर 0.4595 च येतं, आणि 0.7 एवढं ओबडधोबड घेतलं तरी 0.4570. कारण मुळापाशी दोन्ही कर्व्ह एकमेकांना जवळजवळ चिकटलेले असतात, तिथे थोडं इकडे-तिकडे तोडलं तर चुकीच्या बाजूला जाणारी पट्टी अगदीच बारीक असते. तेव्हा मुळाच्या चौथ्या-पाचव्या दशांशासाठी वेळ घालवू नका, तोच वेळ एखादं मूळ सुटलं तर नाही ना हे बघण्यात घाला.

## करून बघायला एक

y = sin x आणि y = cos x, x = 0 ते x = π. उत्तर 2√2 यायला हवं. 2 आलं तर तुम्ही तोडलंच नाही. 2√2 − 2 आलं तर π/2 लाच थांबलात, पुढचा अर्धा भाग मोजलाच नाही. आणि π/2 ला cos अक्ष ओलांडतो म्हणून तिथे तोडून चिन्ह फिरवलं असेल तर टप्पा ३ परत वाचा, तोडायची जागा इथे एकच आहे, π/4.